यादीतलं एक अनोळखी

वायंडर अंगभर साबण लावून उभे असताना नळाने मान टाकली. आधी धार बारीक झाली, मग थेंब, मग नुसतीच हवा. डोळ्यांत फेस गेलेला. त्यांनी आतूनच हाक मारली, "अगं, पंप लाव!"

"तो आपोआप लागतो!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"मग आज का नाही लागला?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ते होतं सुनेकडे, आणि ती बिचारी पाण्याची बादली उचलून धापा टाकत न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. "बाबा, बादली ठेवलीय बाहेर. आणि सॉरी. हे माझ्यामुळे झालं."

दार जरासं उघडलं, एक साबणाने माखलेला हात बाहेर आला आणि बादली आत ओढून घेतली.

वायंडर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभं आयुष्य त्यांनी मोटरी भरल्या. जळलेली मोटर यायची, ते जुनी काळी कॉइल उपसून काढायचे, नवी तांब्याची तार वेढा घालत भरायचे, वार्निश पाजायचे, आणि मेलेली मोटर पुन्हा गुणगुणायला लागायची. गल्लीतली पोरं, दुकानदार, गिऱ्हाईक सगळे 'वायंडर' म्हणायचे, आणि दुकान बंद करून घरी बसल्यावरही ते नाव त्यांच्या अंगाला चिकटून राहिलं. विजेबद्दल त्यांचं मत साधं होतं. तार असेल तर वीज जाते, तार नसेल तर जात नाही. मुलाने घरभर बिनतारी वस्तू आणून बसवल्या तेव्हा त्यांनी नाक मुरडलं नाही, पण त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. मुलाची नोकरी समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर, महिनामहिना घराबाहेर. घरी आला की काहीतरी नवं जोडायचा आणि निघून जायचा.

सून बोलण्याचे दोष घालवायची. म्हणजे अडखळणारी, तोतरं बोलणारी, उशिरा बोलायला लागलेली मुलं कॉम्प्युटरवर तिच्यासमोर बसायची आणि ती त्यांच्याकडून एकेक अक्षर घोटून घ्यायची. अशा मुलाने जिवाच्या आकांताने एखादा शब्द ओठांपर्यंत आणावा आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठावं, आवाज तुटावा, असं हल्ली रोज होत होतं. मूल हिरमुसायचं. त्याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. कंपनीचा माणूस येऊन लाइन तपासून गेला, म्हणाला, लाइन चांगली आहे, घरातलंच काहीतरी इंटरनेट खातंय. म्हणून तिने फोनवर राउटरचं अॅप उघडलं. घरातली जी जी वस्तू वायफायला जोडलेली आहे तिची तिथे यादी दिसते. यादी लांबलचक, आणि त्यातल्या निम्म्यांना धड नावच नाही. कुठे नुसतं 'अननोन', कुठे अक्षरं-आकड्यांची खिचडी. त्यातलं एक तिला संशयास्पद वाटलं आणि तिने ते ब्लॉक केलं.

ते निघालं गच्चीवरच्या टाकीतलं यंत्र. पाणी कमी झालं की ते खाली पंपाच्या स्विचला कळवायचं. त्याचंच तोंड बंद केल्यावर पंपाला कोण सांगणार!

तिने ते लगेच मोकळं केलं आणि जेवताना हे सगळं सासऱ्यांना सांगितलं. ती या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण दोघांचं बोलणं 'जेवलात का' आणि 'औषध घेतलं का' यापलीकडे फारसं जात नसे. वायंडर रागावले असतील, असं तिने गृहीत धरलं होतं. ते मात्र घास हातात धरून बसले होते.

"टाकी पंपाशी बोलते?" ते म्हणाले.

"हो."

"तारेशिवाय?"

"तारेशिवाय. टाकी राउटरला सांगते, राउटर पंपाला."

"दाखव."

तिने फोन पुढे केला. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि ओळी वाचायला लागले. प्रत्येक ओळीखाली दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांचा एक लांब क्रमांक होता. सून म्हणाली, हा त्या वस्तूचा पत्ता. कारखान्यातच तिला दिलेला असतो, आणि दुसऱ्या कुठल्याही वस्तूला तोच मिळू नये असा हिशेब असतो.

वायंडरांनी मान वर करून खोलीकडे पाहिलं. टीव्ही, ओट्यावरचा दिवा, कोपऱ्यातलं धुण्याचं मशीन. या सगळ्यांत ते इतकी वर्षं वावरत होते. मुकी जनावरंसुद्धा हंबरतात, या वस्तू त्याहून मुक्या, असं ते धरून चालले होते. आणि इथे तर भर दुपारी, त्यांच्या डोक्यावरून, भिंतींतून, सगळ्या मिळून बोलत होत्या.

"यांना नावं देता येत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"येतात ना. पेन्सिलच्या खुणेवर बोट ठेवायचं आणि आपल्याला हवं ते लिहायचं. मराठीतसुद्धा चालतं, मी बघितलं. पण कुठलं कोण हेच तर कळत नाही."

"ते मी सांगतो," वायंडर म्हणाले. "नव्या इमारतीत बोर्डावर नावं लिहायची असतात तेव्हा आम्ही काय करायचो? एकेक स्विच पाडायचा आणि बघायचं, काय विझलं."

दुसऱ्या दिवशी सुनेला सुट्टी होती. वायंडर स्टूल घेऊन मेन बोर्डाखाली उभे राहिले आणि सून फोन घेऊन दिवाणखान्यात बसली. राउटरला मुलाने बॅटरीची छोटी पेटी लावून ठेवलेली, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तो जागा राहायचा. वायंडरांनी पहिला एमसीबी पाडला.

"गेलं का कोण?"

"थांबा बाबा, लगेच नाही जात. त्याला कळायला जरा वेळ लागतो, कोण गप्प झालंय ते."

ते थांबले. हे त्यांना फार आवडलं. राउटर हाक मारतोय, उत्तर येत नाही, पुन्हा वाट बघतोय, आणि मग कुठे 'गेला बाबा' म्हणून नाव फिकं करतोय.

"गेलं! दोन गेली!"

मागच्या खोलीतले दोन. एक प्रिंटर, एक बोलका स्पीकर. आधी स्पीकर सुरू केला, यादीत एक ओळ उजळली, ओळख पटली. मग पुढचा स्विच. असं करत करत घर त्यांनी पिंजून काढलं. मध्ये बायको पदराला हात पुसत आली आणि सुनेच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"हे काय लिहिलंस? 'डब्ल्यूएम शून्य एक'? हे मला काय कळणार? 'धुणं' लिही."

सुनेने 'धुणं' लिहिलं. मग बायकोला चेव आला. ओट्यावरच्या दिव्याला 'ओट्याचा दिवा', टाकीला 'गच्चीवरचं पाणी', दारावरच्या कॅमेऱ्याच्या घंटीला 'कोण आलंय'. टीव्हीला तिने 'ह्यांचा टीव्ही' असं नाव दिलं आणि वायंडरांनी स्टुलावरून हरकत घेतली, पण ती फेटाळली गेली.

फोन आणि कॉम्प्युटर स्विच पाडून जाणार नव्हते, त्यांच्या पोटात बॅटरी. त्यासाठी सुनेने प्रत्येकाचं वायफाय पाळीपाळीने बंद करून पाहिलं. एक गोष्ट मात्र अशाने सापडणारच नव्हती. कारण ती मघाशी यादीत नव्हतीच. मग घामाघूम झालेले वायंडर सहज वजनकाट्यावर उभे राहिले आणि सून दचकून ओरडली, "बाबा, एक नवीन आलं! आत्ता, या क्षणी!"

त्यांनी पाय खाली घेतला. थोड्या वेळाने ती ओळ विझली. पाय ठेवला, उजळली. काटा झोपलेला असतो, पाय पडला की जागा होतो, वजन कळवतो आणि पुन्हा झोपतो. वायंडर लहान मुलासारखे किती तरी वेळ चढत-उतरत राहिले.

"पुरे आता," बायको म्हणाली. "वजन कमी व्हायचं अशानं."

"आणि हे जे आपण नाव ठेवलं," त्यांनी सुनेला विचारलं, "ते त्या काट्याला कळतं?"

"नाही. ते फक्त राउटरजवळ. त्या पत्त्यासमोर त्याने लिहून ठेवलंय. काट्याला काहीच माहीत नाही."

"म्हणजे आपण त्याला काय म्हणतो, ते त्याला कधीच कळणार नाही," ते म्हणाले आणि काट्याकडे जरा मायेने बघितलं.

संध्याकाळपर्यंत सगळी यादी ओळखीची झाली. एक ओळ सोडून.

ते अनोळखी काही केल्या हलेना. सुनेने त्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, हेच ते. हेच खातंय सगळं. दिवसभर सारखं काहीतरी बाहेर पाठवतंय. आणि एवढं म्हणजे व्हिडिओच असणार."

"पत्ता आहे ना त्याचा?"

"आहे, पण खोटा. हे दुसरं अक्षर बघा. इथे दोन, सहा, ए नाहीतर ई असेल तर समजायचं, पत्ता कारखान्यातला नाही, यंत्राने स्वतःच बनवलाय. हल्लीचे फोन असं करतात, कुणी पाळत ठेवू नये म्हणून. म्हणजे हा कुणाचा तरी फोन आहे. आणि सिग्नल एकदम जोरात. घरातच कुठेतरी आहे."

वायंडरांनी बोर्डाकडे जाऊन मेनच पाडला. घर गपगार झालं. फ्रिजची घरघर थांबली, पंखा रेंगाळत थांबला. यादीतल्या ओळी एकेक करून फिक्या पडल्या. धुणं गेलं, ओट्याचा दिवा गेला, ह्यांचा टीव्ही गेला. मागे राहिले तिघांचे फोन, सुनेचा कॉम्प्युटर, बॅटरीवर चालणारं गच्चीवरचं पाणी आणि ते अनोळखी. त्या बंद घरात ते एकटंच अखंड काहीतरी सांगत होतं. कुणाला, काय, कळायला मार्ग नाही.

"मी ब्लॉक करते," सून म्हणाली. आपल्या घरात कुणीतरी कॅमेरा ठेवलाय, या विचाराने तिचं बोट त्या ओळीवर गेलंही होतं.

"ओळख पटल्याशिवाय कुणाला कापायचं नाही. एकदा साबण लावून उभा राहिलोय मी," वायंडर म्हणाले. मग मेन वर करत त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, तुझं काही राहिलंय का यादीत?"

"माझा फोन तर दिला की तुमच्यासमोर," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. तिने मान वर केली नाही.

सुनेला एक युक्ती सुचली. अॅपमध्ये एखादं यंत्र घटकाभर थांबवायचीही सोय होती. "एक मिनिटच थांबवते, बाबा. लगेच सोडते. बघू, कोण कळवळतं."

तिने बोट ठेवलं. दोघं श्वास रोखून उभे राहिले. घरात कुठेच काही झालं नाही. पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता.

आणि बायकोचा फोन वाजला.

तिने घाईने उचलला, भिंतीकडे तोंड केलं आणि कुजबुजली, "अगं हो, बघते... नाही, मी नाही केलं काही... लाइट गेले होते ना मघाशी... तू काळजी करू नकोस, काही झालं नसेल त्यांना, मी चढते वर."

फोन ठेवून ती मागच्या अडगळीच्या खोलीकडे निघाली. जाता जाता तिने वायंडरांचंच स्टूल उचललं. सुनेने घाईघाईने ते यंत्र पुन्हा सोडलं आणि दोघं तिच्या मागोमाग गेले.

अडगळीच्या खोलीत उंचावर भिंतीला एक गोल भोक होतं. तिथला एक्झॉस्ट फॅन जळाला, तो वायंडरांनी उतरवला, आणि नवा आणून ठेवला होता. तो बसवायला निघाले की बायको काही ना काही कारण काढायची. आज डोकं दुखतंय, खडखड नको. आज पाहुणे येणार. आज नको, उद्या बघा. ते भोक तिने आतून स्वच्छ प्लॅस्टिकने झाकलं होतं, आणि समोरच्या फळीवर डब्यांच्या मध्ये तिचा जुना फोन, चार्जरला लावून, आडवा टेकवून ठेवला होता.

बायको स्टुलावर चढून तो फोन चाचपत होती. नवऱ्याला पाहून तिने डोळे मिटले. "झालं," ती म्हणाली. "आता ओरडा."

वायंडर ओरडले नाहीत. त्यांनी तिला हात धरून खाली उतरवलं, स्वतः चढले आणि प्लॅस्टिकला नाक लावलं.

भोकात, भिंतीच्या जाडीत काड्या, चिंध्या आणि कापसाचं घरटं होतं. त्यांच्याच दुकानातल्या जुन्या सुती टेपचा एक तुकडाही त्यात विणलेला. आणि आत चार पिल्लं. कातडी अजून इतकी पातळ की आतला लाल जीव दिसत होता. बाहेरून एक चिमणी भर्रकन आली, आणि चारही मानांनी एकदम चोची उघडल्या. एवढ्याशा देहाला एवढं मोठं तोंड!

"भावोजी," त्यांच्या पाठीमागून एक बारीक आवाज आला, "डोकं जरा बाजूला घ्या. काही दिसत नाही."

ते स्टुलावरून पडायचेच. आवाज फोनमधून आला होता. फोनच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकोनात अक्का होती. अक्का म्हणजे बायकोची मोठी बहीण. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने ती अंथरुणाला खिळली होती, दूरच्या गावी, छताकडे बघत. तिला उठून खिडकीपर्यंत जाणंही शक्य नव्हतं.

"अक्का? तुम्ही इथे कधीपासून आहात?"

"अंडी होती तेव्हापासून," अक्का म्हणाली. "सकाळी हिने फोन लावायचा, अंधार पडला की ठेवायचा. तुम्ही सरका आधी. ती दुसऱ्या नंबरच्याला भरवते की नाही बघायचंय मला. तो मागे पडतोय."

वायंडर मुकाट्याने सरकले.

"तुम्ही भोक बुजवाल म्हणून सांगितलं नाही," बायको खालून म्हणाली. "पिल्लं उडाली की सांगणार होते. हा जुना फोन आतलं सगळं पुसून नव्याने लावला, तो असा चोरून यादीत बसेल हे मला काय ठाऊक! पण तुझ्या पोरांचं बोलणं अडतंय ते माझ्यामुळे, हे खरंच माहीत नव्हतं गं." शेवटचं वाक्य सुनेला होतं. तिचे डोळे भरले होते.

सून वायंडरांच्या शेजारी फळीला धरून टाचा उंचावून बघत होती. दुसऱ्या नंबरच्या पिल्लाच्या चोचीत अळी पडली तेव्हा फोनमधून अक्काचा आणि इकडे सुनेचा, दोघींचा एकदमच सुस्कारा निघाला.

रात्री जेवणं झाल्यावर ते तिघं पुन्हा यादी उघडून बसले. उरलेल्या ओळीला काय नाव द्यायचं? सून म्हणाली, 'आईंचा जुना फोन'. बायको म्हणाली, 'चिमण्या'.

"अक्का लिही," वायंडर म्हणाले. "घरात बसून बघतायत त्या. मग घरातल्यांच्या यादीत नको?"

सुनेने आधी त्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन या वायफायपुरता खोटा पत्ता बंद केला. नाहीतर तो कधीतरी दुसराच मुखवटा घालून आला असता आणि नाव मागे राहिलं असतं. खऱ्या पत्त्याने तो पुन्हा यादीत आला, नवा पाहुणा असल्यासारखा. मग तिने लिहिलं, 'अक्का'. मुखवट्याची जुनी ओळ पुसून टाकली. आता नावं होती तर पुढचं सोपं झालं. यादीतून तिने स्वतःचा कॉम्प्युटर शोधला आणि त्याला पहिला मान दिला, म्हणजे गर्दी झाली की राउटर आधी त्याला वाट करून देणार. 'अक्का' नावाच्या त्या फोनवर व्हिडिओ जरा हलका करून टाकला. दुसऱ्या दिवशी अडखळणाऱ्या एका मुलाने सलग तीन वाक्यं म्हटली आणि चित्र एकदाही गोठलं नाही. सून खोलीतून बाहेर आली तेव्हा वायंडर दाराबाहेरच घुटमळत होते.

"झालं का नीट?"

"झालं, बाबा."

"मग चल. अक्का म्हणतायत, डोळे उघडले एकाचे."

पुढचे दिवस त्या घराने असे काढले की ज्याला विचारावं तो अडगळीच्या खोलीत. वायंडर सकाळी उठले की चहाआधी सुनेच्या फोनवर यादी बघायचे. ओट्याचा दिवा, गच्चीवरचं पाणी, कोण आलंय. मग खाली 'अक्का', हिरव्या ठिपक्यासकट. तो ठिपका दिसला की त्यांना बरं वाटायचं. इतक्या दूरचं माणूस, भिंतीआडून, डोंगरनद्यांवरून, तारेशिवाय त्यांच्या घरात येऊन बसलंय. मध्ये कुठे ना कुठे तार असतेच, सुनेने समजावलं होतं, समुद्राखालूनसुद्धा असते, काचेची, आणि तिच्यातून उजेड जातो. त्यावर ते इतकंच म्हणाले होते, "उजेड?"

पिल्लांना पिसं फुटली. घरट्यात मावेनाशी झाली. पहिली दोन एका सकाळी सगळ्यांच्या देखत गेली, तिसरं दुपारी. चौथं, ते मागे पडलेलं, काठावर यायचं, बाहेर बघायचं आणि पुन्हा आत दडायचं. सगळे त्याच्यासाठी ताटकळले. शेवटी बायको म्हणाली, भात करपेल, आणि तिघं जेवायला बसले.

दुसरी पोळी वाढली जात होती तेव्हा बायकोचा फोन वाजला. तिने तो मोठ्या आवाजावर टाकून पाटाशेजारी ठेवला.

"गेलं," अक्का म्हणाली. ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "आत्ता गेलं. आधी पडलंच असं वाटलं, मग सावरलं. मी एकटीनेच बघितलं."

भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर घडलं ते घरातल्या कुणाला दिसलं नव्हतं, आणि जिला कूसही बदलता येत नाही तिने तिकडे दूर पडल्या पडल्या ते पाहिलं होतं. वायंडरांनी ताटातच हात धुतला आणि फोनजवळ वाकले.

"अक्का, कुठल्या बाजूला गेलं?"

"डावीकडे, भावोजी. झाडाकडे."

ते उठले, खिडकीशी गेले आणि अक्काने सांगितलेल्या बाजूला बघत उभे राहिले.